उचलीपासून भरण्यापर्यंत : पीककर्जाच्या दिवसांचे व्याज

दिल्लीच्या पूसा परिसरात दरवर्षी भरणाऱ्या कृषी विज्ञान मेळ्यात सर्वाधिक गर्दी बियाण्यांच्या विक्रीकेंद्रापाशी असते. तेथील रांगेत उभे असताना सोनीपतकडील एका गहू उत्पादकाने प्रस्तुत लेखकास एक साधा प्रश्न विचारला होता. नोव्हेंबरमध्ये घेतलेले पीककर्ज एप्रिलमध्ये फेडावयाचे, म्हणजे "छह महीने हुए न?" त्यांनी सहा महिन्यांचे व्याज मनातल्या मनात काढून ठेवले होते आणि त्याप्रमाणे पैसे बाजूला काढण्याचा त्यांचा विचार होता. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर साधे नव्हते. बँक महिने मोजत नाही. ती दिवस मोजते. शिवाय संपूर्ण रक्कम एकाच दिवशी उचललेली नसते. आणि ज्या दिवशी मुदत संपते त्या एका दिवसाचे मोल इतर सर्व दिवसांपेक्षा फार अधिक असते. त्या प्रश्नाच्या धर्तीवर एक उदाहरण आपण येथे शेवटपर्यंत सोडवून पाहू. रक्कम आणि तारखा उदाहरणापुरत्या घेतल्या आहेत. व्याजाचा दर आणि सवलत मात्र २०२४-२५ मध्ये लागू असलेलीच आहे.

किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जास केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेखाली द.सा.द.शे. ७ हा दर आहे. जो शेतकरी ठरलेल्या मुदतीत कर्ज फेडतो त्यास आणखी ३ टक्क्यांची सूट मिळते, त्यामुळे त्याच्यापुरता प्रत्यक्ष दर ४ टक्के पडतो. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा, हे आपण शाळेत घोकलेले आहे. येथे अडचण 'दर साल' या शब्दांशी येते, कारण पिकाचे कर्ज वर्षाचे क्वचितच असते. वर्षाचा दर दिवसांवर उतरवावयाचा तर वर्ष किती दिवसांचे धरावयाचे हे आधी ठरवावे लागते. आपल्याकडील बँकांच्या कर्जखात्यांत ते सर्वसाधारणपणे ३६५ दिवसांचे धरले जाते. म्हणून मुद्दलास दराने गुणावे, आलेल्या संख्येस दिवसांच्या संख्येने गुणावे, आणि ३६५ × १०० ने भागावे. सूत्र एवढेच आहे.

आता शेताकडे वळू. सोनीपत, झज्जर, बागपत या दिल्लीभोवतीच्या जिल्ह्यांत वेळेवरच्या गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. समजा, शेतकऱ्याने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मशागत, बियाणे व डीएपी यांसाठी ६०,००० रुपयांची उचल केली. पहिले पाणी पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत, घरच्याच पैशांतून दिले गेले. पुढे फुटव्यांच्या काळातील पाणी, युरियाचा हप्ता, तणनाशक आणि मजुरी यांसाठी २० डिसेंबर रोजी आणखी २५,००० रुपये उचलले. एप्रिलच्या मध्यास कापणी-मळणी झाली, गहू मंडीत गेला, आणि २८ एप्रिल २०२५ रोजी संपूर्ण ८५,००० रुपये मुद्दल खात्यात भरले गेले.

पहिले काम दिवस मोजण्याचे. ५ नोव्हेंबर ते २८ एप्रिल हे दिवस बोटांवर मोजू लागल्यास बहुतेकांचे उत्तर एकाने चुकते, कारण दोन्ही टोकांचे दिवस मोजले जातात. बँकेचे संगणक दिवसअखेरची शिल्लक पाहून त्या दिवसाचे व्याज धरतात. ५ नोव्हेंबरच्या रात्री खात्यावर ६०,००० रुपये येणे होते, म्हणून तो दिवस मोजला जातो. २८ एप्रिलच्या रात्री येणे असे मुद्दल काहीच उरले नव्हते, म्हणून तो दिवस मोजला जात नाही. एकच टोक धरावयाचे, हा नियम. नोव्हेंबरचे उरलेले २५, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २८ अशी बेरीज केली की १७४ दिवस येतात. (येथे उचलीचा दिवस सोडून भरण्याचा दिवस धरला आहे, उत्तर तेच येते. दोन्ही धरले तर १७५ येतील आणि एका दिवसाचे व्याज फुकट वाढेल.) त्याच रीतीने २० डिसेंबरपासून २८ एप्रिलपर्यंत १२९ दिवस होतात.

आता दोन उचली असल्याने प्रत्येक रकमेस तिच्या स्वतःच्या दिवसांनी गुणावयाचे. ६०,००० गुणिले १७४ म्हणजे १,०४,४०,०००. २५,००० गुणिले १२९ म्हणजे ३२,२५,०००. दोहोंची बेरीज १,३६,६५,०००. ही संख्या रुपयांची नाही. तिला 'रुपये-दिवस' म्हणावे. एक रुपया एक दिवस वापरला तर एक रुपया-दिवस झाला, इतकाच त्याचा अर्थ. बँकेचा संगणक हीच बेरीज दुसऱ्या बाजूने करतो. पहिले ४५ दिवस शिल्लक ६०,००० होती, पुढचे १२९ दिवस ८५,००० होती. ४५ दिवसांचे २७,००,००० आणि १२९ दिवसांचे १,०९,६५,००० मिळून पुन्हा १,३६,६५,००० च होतात. दोन वाटांनी गेल्यावर उत्तर जुळले की दिवसांच्या मोजणीत चूक नाही अशी खात्री बाळगावी.

या बेरजेस ७ ने गुणून ३६,५०० ने भागले की व्याज २,६२०.६८ रुपये येते. त्यातील ३ टक्क्यांचा भाग १,१२३.१५ रुपये आहे. तो वेळेवर फेडीची सूट म्हणून परत मिळाला की शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले व्याज १,४९७.५३ रुपये उरते.

मेळ्यातील गृहस्थांच्या रीतीने हेच गणित केले असते तर? सहा महिने म्हणजे अर्धे वर्ष, ८५,००० वर ७ टक्क्यांनी अर्ध्या वर्षाचे व्याज २,९७५ रुपये. बँकेच्या आकड्यापेक्षा हे ३५४ रुपयांनी जास्त आहे. यातील थोडा भाग १७४ दिवसांना अर्धे वर्ष मानल्यामुळे आला, आणि बराच मोठा भाग २५,००० रुपयेही जणू ५ नोव्हेंबरलाच उचलले असे धरल्यामुळे आला. व्यवहारात यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ज्या पैशांची गरज डिसेंबरमध्ये पडणार आहे ते नोव्हेंबरमध्येच उचलून घरी ठेवले, तर ४५ दिवसांचे ११,२५,००० रुपये-दिवस वाढतात आणि ७ टक्क्यांनी २१५.७५ रुपये जास्तीचे व्याज पडते. किसान क्रेडिट कार्ड हे उचल-भरण्याचे फिरते खाते आहे. एकदाच सगळी रक्कम काढून घेण्याची सवय त्याच्या रचनेशी विसंगत आहे. महाराष्ट्रात विकास सोसायटीमार्फत पीककर्ज घेणाऱ्या अनेकांची तीच सवय आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

भरण्याच्या बाजूसही हेच लागू पडते. समजा, विक्रीचे ५०,००० रुपये १४ एप्रिललाच हाती आले आणि उरलेल्या रकमेची वाट पाहत ते बचत खात्यात पडून राहिले. ते त्याच दिवशी कर्जखात्यात भरले असते तर १४ दिवसांचे ७,००,००० रुपये-दिवस कमी झाले असते. ७ टक्क्यांनी १३४.२५ रुपये, किंवा सूट धरून ४ टक्क्यांनी ७६.७१ रुपये वाचले असते. ही रक्कम फार मोठी नाही, आणि त्यासाठी कोणी घरखर्चाचे पैसे अडवून ठेवावेत असेही नाही. परंतु खऱ्या नुकसानीची जागा याहून वेगळी आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

ती जागा म्हणजे मुदतीची तारीख. पिकाची कापणी आणि विक्रीचा अपेक्षित काळ पाहून बँक कर्जफेडीची तारीख ठरविते. योजनेनुसार ३ टक्क्यांची सूट उचलीच्या तारखेपासून प्रत्यक्ष फेडीच्या तारखेपर्यंत, जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत, मोजली जाते. मात्र ती केवळ मुदतीत फेडणाऱ्यासच मिळते. मुदत चुकली की सूट उरलेल्या दिवसांपुरती नव्हे, तर मागच्या सर्व दिवसांची जाते. साध्या व्याजाच्या सूत्रात प्रत्येक दिवसाची किंमत सारखी असते. येथे एका दिवसाची किंमत बाकीच्या सर्व दिवसांइतकी होते.

आपल्या उदाहरणात मुदत ३१ मे २०२५ होती असे धरू. शेतकऱ्याने भाव वाढेल म्हणून थोडा गहू राखून ठेवला आणि २८ एप्रिलऐवजी शेवटच्या दिवशीच भरणा करावयाचा ठरविला. ३१ मे हा शनिवार होता, महिन्याचा पाचवा शनिवार असल्याने बँकेच्या दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या सुट्टीत तो येत नव्हता. शनिवारी बँक बंदच असते अशा समजुतीने तो घरी राहिला, दुसरा दिवस रविवार, आणि सोमवारी २ जूनला तो पैसे घेऊन शाखेत गेला. शनिवारी भरले असते तर रुपये-दिवस १,६४,७०,००० झाले असते, ७ टक्क्यांचे व्याज ३,१५८.६३ रुपये, आणि १,३५३.७० रुपयांची सूट वजा जाता निव्वळ व्याज १,८०४.९३ रुपये. सोमवारी भरल्यामुळे सूट गेली आणि दोन दिवसांचे आणखी व्याज लागले. ते दोन दिवस ७ टक्क्यांनीच मोजले तरी ३२.६० रुपये होतात; वस्तुतः ७ टक्क्यांचा सवलतीचा दरही मुदतीपर्यंतच असतो, पुढे बँकेचा नेहमीचा चढा दर लागू शकतो. म्हणजे दोन दिवसांच्या उशिराने कमीत कमी १,३८६.३० रुपये गेले. २०२५ च्या हंगामातील गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. त्या भावाने हे सत्तावन्न किलो गहू झाले. भावातील दोन-चार रुपयांच्या वाढीसाठी ज्याने माल थांबविला त्याने हा हिशेब आधी करावयास हवा होता.

महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास शून्य टक्क्याने पडते, म्हणून तेथे मुदतीच्या तारखेचे वजन आणखी वाढते. आणि तारीख ठरविताना पैसे खात्यात जमा झाल्याचा दिवस धरला जातो, धनादेश खिडकीत दिल्याचा नाही. धनादेश वटण्यास लागणारे दिवस शेतकऱ्याच्या बाजूने मोजले जात नाहीत. ज्याची मुदत जवळ आली आहे त्याने रोख अथवा खात्यातून खात्यात भरणा करणे बरे.

येथे एक शंका साहजिक आहे. बँका दर महिन्याला किंवा तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवतात, मग पीककर्जास सरळव्याज कसे? रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार चालू, म्हणजे मुदत न संपलेल्या पीककर्जावर व्याजाचे चक्रवाढ करावयाचे नसते. शेतीचे उत्पन्न हंगामाला येते, महिन्याला नाही, हे त्यामागचे कारण. कर्ज थकले की मात्र येणे व्याज मुद्दलात मिळविण्याची मुभा बँकेस आहे. खातेउताऱ्यावरून हे ओळखता येते. समजा, ३१ मार्चला खात्यास व्याज नावे पडले. आपल्या उदाहरणात त्या दिवशीपर्यंतचे व्याज २,१६४.२५ रुपये होते. पुढच्या २८ दिवसांचे व्याज ८५,००० वर धरले असेल तर ते ४५६.४४ रुपये येईल, ८७,१६४.२५ वर धरले असेल तर ४६८.०६ रुपये. फरक साडेअकरा रुपयांचा आहे, तेवढ्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. परंतु खाते कोणत्या रीतीने चालते आहे हे त्यातून कळते आणि शाखेत नेमका प्रश्न विचारता येतो.

वर्षाच्या ३६५ दिवसांकडे आता परत येऊ. जगातील सर्वच कर्जांत हा आकडा नसतो. डॉलरच्या अल्पमुदत व्यवहारांत वर्ष ३६० दिवसांचे धरण्याची जुनी प्रथा आहे, आणि दिवस मात्र खरेखुरे मोजले जातात. भाजक लहान झाला की व्याज वाढते. आपल्याच कर्जास ती रीत लावली तर २,६२०.६८ ऐवजी २,६५७.०८ रुपये द्यावे लागतील. ७ टक्के लिहिलेला दर प्रत्यक्षात ७.१० टक्क्यांच्या जवळ जाईल. उलट दिशेने लीप वर्ष येते. ५ नोव्हेंबर २०२३ पासून २८ एप्रिल २०२४ पर्यंत मोजले तर २९ फेब्रुवारीमुळे १७५ दिवस होतात. भाजक ३६५ च ठेवला तर त्या जादा दिवसाचे व्याज द्यावे लागते, आणि पूर्ण वर्षाच्या एक लाखाच्या कर्जावर ७,००० ऐवजी ७,०१९.१८ रुपये होतात. काही संस्था लीप वर्षात ३६६ ने भागतात. करारपत्रात जे लिहिले असेल ते खरे. २०२८ च्या फेब्रुवारीपूर्वी ते पाहून ठेवण्यास वेळ आहे.

मंडीतील आडत्याची रीत यांपैकी कोणतीच नसते. दिल्लीभोवतीच्या मंड्यांत उधारीचा दर 'दो रुपये सैकड़ा' अशा भाषेत सांगितला जातो, तो महिन्याचा असतो. आपल्याकडील सावकारीतील 'दरमहा दरशेकडा' हीच ती गोष्ट. दोन रुपये ऐकावयास सातांपेक्षा लहान वाटतात; वर्षाला ते चोवीस होतात. डिसेंबरमधील २५,००० रुपये या दराने आडत्याकडून घेतले असते तर १२९ दिवसांचे व्याज, ३६५ च्या हिशेबाने, २,१२०.५५ रुपये झाले असते. तीस दिवसांचा महिना धरला तर २,१५०. आणि सुरू झालेला महिना पूर्ण धरण्याचा रिवाज असेल तर चार महिने नऊ दिवसांचे पाच महिने होऊन २,५०० रुपये. बँकेचे त्याच रकमेचे व्याज ६१८.४९ रुपये होते. आडत्या रात्री-अपरात्री पैसे देतो आणि कागद मागत नाही, हे खरे आहे. त्या सोयीची किंमत किती, हे या चार आकड्यांवरून ज्याचे त्याने ठरवावे.

दिवसांत मोजलेल्या मुदतीचे एक घरचे उदाहरण महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सापडते. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल ठेवून १८० दिवसांसाठी ६ टक्के दराने कर्ज मिळते. एक लाखावर १८० दिवसांचे व्याज २,९५८.९० रुपये होते, ३,००० नव्हे. त्याहून महत्त्वाचे हे की १८० दिवस म्हणजे सहा महिने नव्हेत. २० ऑक्टोबर २०२४ रोजी घेतलेल्या तारण कर्जाचे १८० दिवस १८ एप्रिल २०२५ रोजी भरतात. '२० तारखेला घेतले, २० तारखेला सोडवू' असे म्हणणारा दोन दिवस उशिरा पोहोचतो.

ज्यांच्याकडे संगणक अथवा भ्रमणध्वनीवर एक्सेलसारखा तक्ता आहे त्यांस दिवस मोजण्याचा त्रास घ्यावा लागत नाही. पुढील ओळींपैकी पहिली १७४ हे दिवस देते आणि दुसरी संपूर्ण व्याज:

```
=DATE(2025,4,28)-DATE(2024,11,5)
=(60000*174+25000*129)*7/36500
```

तक्त्यात `DAYS360` नावाचेही एक सूत्र असते. ते प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरते आणि याच तारखांस १७३ हे उत्तर देते. पीककर्जासाठी ते वापरू नये. मुदतीची तारीख काढावयाची असेल तर सुरुवातीच्या तारखेत दिवस मिळवावेत: `=DATE(2024,10,20)+180` या ओळीने १८ एप्रिल २०२५ ही तारीख मिळते. ती शनिवार-रविवारी अथवा बँकेच्या सुट्टीच्या दिवशी येत असेल तर त्याच्या आधीचा कामकाजाचा दिवस शिधापत्रिकेशेजारच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावा.